यूज्ड टू, बी यूज्ड टू आणि गेट यूज्ड टू

'यूज्ड टू', 'बी यूज्ड टू' आणि 'गेट यूज्ड टू' या इंग्रजी भाषेतील परस्परांशी दिसण्यात साम्य असलेल्या, परंतु अर्थाने व रचनेने भिन्न अशा तीन वाक्यरचना आहेत. पहिली रचना भूतकाळात नेहमी घडणारी व आता न घडणारी गोष्ट सांगते. दुसरी एखाद्या गोष्टीला सरावलेले असण्याची स्थिती दाखवते, तर तिसरी त्या स्थितीला पोहोचण्याची क्रिया दाखवते. इंग्रजीच्या परीक्षांतील वाक्य-परिवर्तनाच्या प्रश्नांत या रचना वारंवार येतात. दिलेले वाक्य अर्थ न बदलता दुसऱ्या रचनेत लिहायचे असल्यामुळे तेथे त्यांच्यातील भेद नेमका पारखला जातो.

## अर्थ

'अनिता यूज्ड टू वर्क इन अ बँक' या वाक्याचा अर्थ 'अनिता पूर्वी बँकेत काम करत असे' असा होतो. ती आता तेथे काम करत नाही, हे वाक्यात उघड म्हटलेले नसले तरी ऐकणारा तसेच समजतो. ही रचना केवळ भूतकाळात वापरली जाते. तिला वर्तमानकाळी किंवा भविष्यकाळी रूप नाही. आजची सवय सांगण्यासाठी इंग्रजीत साधा वर्तमानकाळ पुरेसा होतो.

'अनिता इज यूज्ड टू वर्किंग इन अ बँक' या वाक्याचा अर्थ 'अनिता बँकेतील कामाला सरावलेली आहे' असा होतो. येथे 'यूज्ड' हे क्रियापद नसून 'सरावलेला' या अर्थाचे विशेषण आहे. काळ दाखवण्याचे काम 'बी' या क्रियापदाकडे असते. म्हणून 'इज यूज्ड टू', 'वॉज यूज्ड टू', 'विल बी यूज्ड टू' अशी सर्व काळांतील रूपे शक्य असतात.

'अनिता गॉट यूज्ड टू वर्किंग इन अ बँक' या वाक्यात बदल आहे. आधी ते काम तिला अनोळखी किंवा अवघड वाटत होते आणि नंतर ते तिच्या अंगवळणी पडले. 'बी' आणि 'गेट' यांच्यातील फरक मराठीतील 'सवय असणे' आणि 'सवय होणे' यांच्यातील फरकासारखाच आहे.

## 'टू' या शब्दाची दोन कार्ये

तिन्ही रचनांत 'टू' हा शब्द असला तरी त्याचे कार्य एक नाही. पहिल्या रचनेत 'टू' हा क्रियापदाच्या मूळ रूपाचा भाग आहे. त्यामुळे त्याच्यापुढे 'वर्क', 'लिव्ह', 'गो' असे मूळ रूपच येते. दुसऱ्या व तिसऱ्या रचनेत 'टू' हे शब्दयोगी अव्ययासारखे काम करते. इंग्रजीत असे अव्यय नामाच्या आधी येते, म्हणून त्याच्यापुढे नाम, सर्वनाम किंवा क्रियापदाचे नामासारखे वापरलेले 'इंग'-अंती रूप येते: 'द नॉइज', 'इट', 'वर्किंग'.

हा भेद ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे 'टू' नंतरचे क्रियापद काढून तेथे एखादे नाम ठेवून पाहणे. 'शी इज यूज्ड टू द नॉइज', म्हणजे 'तिला त्या गोंगाटाची सवय आहे', हे पूर्ण व शुद्ध वाक्य आहे. 'शी यूज्ड टू द नॉइज' हे मात्र अपूर्ण वाटते, कारण तेथे क्रियापदाची अपेक्षा राहून जाते. जेथे नाम बसते तेथे क्रियापदाचे 'इंग'-अंती रूप घ्यावे आणि जेथे नाम बसत नाही तेथे मूळ रूप घ्यावे, एवढ्या एका कसोटीवर बहुतेक चुका टळतात.

## मराठीतील 'सवय' आणि होणारी गल्लत

मराठी भाषकांच्या लेखनात 'आय वॉज यूज्ड टू वॉक' यासारखी मिश्र रचना आढळते. तिच्यात 'बी' आहे, परंतु पुढे मूळ रूप आहे. या चुकीमागे दोन रचनांच्या दिसण्यातील साम्याबरोबर मराठीतील 'सवय' या शब्दाची व्याप्तीही आहे.

'आजोबांना रोज दोन मैल चालण्याची सवय होती' या मराठी वाक्याचे दोन अर्थ संभवतात. एका अर्थाने आजोबा रोज दोन मैल चालत असत. हे केवळ त्यांच्या दिनक्रमाचे वर्णन झाले. त्याचे इंग्रजी रूप 'ग्रँडफादर यूज्ड टू वॉक टू माइल्स एव्हरी डे' असे होईल. दुसऱ्या अर्थाने आजोबांना तेवढे चालणे जड जात नसे, ते त्याला सरावलेले होते. त्याचे इंग्रजी रूप 'ग्रँडफादर वॉज यूज्ड टू वॉकिंग टू माइल्स एव्हरी डे' असे होईल. 'म्हणून गड चढताना ते दमले नाहीत' असे पुढे जोडायचे असेल, तर दुसरेच वाक्य योग्य ठरते. मराठीत हे दोन्ही अर्थ 'सवय होती' एवढ्यातच सामावतात. इंग्रजीत मात्र लिहिणाऱ्याला त्यांपैकी एक निवडावा लागतो.

हे दोन अर्थ एकमेकांवर अवलंबून नाहीत. मुंबईत वर्षानुवर्षे लोकलने प्रवास केलेल्या एखाद्या व्यक्तीविषयी पुढील वाक्य म्हणता येते: 'शी यूज्ड टू ट्रॅव्हल बाय लोकल ट्रेन, बट शी नेव्हर गॉट यूज्ड टू द क्राउड.' म्हणजेच ती लोकलने प्रवास करत असे, पण गर्दी तिच्या कधी अंगवळणी पडली नाही. क्रिया वारंवार घडली, तरी तिच्याविषयीचा सराव निर्माण झाला नाही.

म्हणून मराठी अर्थ मनात धरून उत्तर लिहिणाऱ्याने 'सवय' हा शब्द तात्पुरता बाजूला ठेवणे हितावह असते. मूळ वाक्याचा आशय 'करत असे', 'राहत असे', 'जात असे' या रीतिभूतकाळाच्या रूपात सांगता आला, तर 'यूज्ड टू' घ्यावे. तो 'सरावलेला असणे' या शब्दांत सांगावा लागला तर 'बी यूज्ड टू' आणि 'अंगवळणी पडणे' या शब्दांत सांगावा लागला तर 'गेट यूज्ड टू' घ्यावे. रीतिभूतकाळ आणि सराव यांसाठी मराठीत वेगळी रूपे मुळातच आहेत. 'सवय' या सोयीच्या शब्दामुळे ती झाकली जातात.

## वाक्य-परिवर्तनाचा प्रश्नप्रकार

शालेय प्रश्नपत्रिकांत 'सूचनेप्रमाणे वाक्य पुन्हा लिहा' अशा स्वरूपाच्या प्रश्नांत वापरावयाची रचना बहुधा सांगितलेली असते. केंब्रिजच्या 'बी २ फर्स्ट' या इंग्रजी परीक्षेतील प्रश्न अधिक काटेकोर असतो. या परीक्षेच्या वाचन व भाषावापर या प्रश्नपत्रिकेतील चौथ्या भागात असे ६ प्रश्न असतात. प्रत्येक प्रश्नात एक पूर्ण वाक्य, एक ठळक सूचक शब्द आणि मध्ये रिकामी जागा असलेले दुसरे वाक्य दिलेले असते. रिकामी जागा सूचक शब्दासह २ ते ५ शब्दांत अशा रीतीने भरायची असते, की दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखा राहील. सूचक शब्दाचे रूप बदलण्यास परवानगी नसते. 'आयॅम', 'डिडन्ट' यांसारखी संक्षिप्त रूपे दोन शब्द म्हणून मोजली जातात. प्रत्येक प्रश्नास २ गुण असून उत्तराचे दोन भाग धरून गुण दिले जातात. त्यामुळे उत्तर अर्धे बरोबर असल्यास १ गुण मिळू शकतो.

या नियमांमुळे रिकाम्या जागेच्या आधीचा व नंतरचा शब्द फार महत्त्वाचा ठरतो. उत्तर केवळ अर्थाने जुळून चालत नाही. ते त्या दोन शब्दांच्या मध्ये व्याकरणदृष्ट्या नेमके बसावे लागते.

## सोडवलेली उदाहरणे

पुढील चारही उदाहरणांत सूचक शब्द 'यूज्ड' हाच आहे.

पहिले उदाहरण. मूळ वाक्य: 'अनिता नो लाँगर वर्क्स इन अ बँक.' पूर्ण करायचे वाक्य: 'अनिता ____ इन अ बँक.'

मूळ वाक्याचा अर्थ 'अनिता आता बँकेत काम करत नाही' असा आहे. म्हणजेच ती पूर्वी करत असे. तिला ते काम सोपे वाटे की अवघड, याविषयी वाक्य काही सांगत नाही. म्हणून उत्तर 'यूज्ड टू वर्क' असे तीन शब्दांचे होते. मूळ वाक्य नकारार्थी आणि वर्तमानकाळी आहे, तर उत्तर होकारार्थी आणि भूतकाळी आहे. हा पालट लक्षात न आल्यास 'डझन्ट यूज्ड टू वर्क' असे अशुद्ध उत्तर लिहिले जाते.

दुसरे उदाहरण. मूळ वाक्य: 'आय फाइंड इट स्ट्रेंज टू गेट अप सो अर्ली.' पूर्ण करायचे वाक्य: 'आय ____ अप सो अर्ली.'

'इतक्या लवकर उठणे मला विचित्र वाटते' असे मूळ वाक्य म्हणते. 'स्ट्रेंज' हा शब्द अनोळखीपणा दाखवतो, म्हणजे प्रश्न सरावाचा आहे. काळ वर्तमान असून स्थिती नकारार्थी आहे. उत्तर 'ॲम नॉट यूज्ड टू गेटिंग' असे होते. 'अप' हा शब्द रिकाम्या जागेनंतर दिलेला असल्यामुळे तो पुन्हा लिहायचा नाही. उत्तर बरोबर पाच शब्दांचे होते, आणि 'अप' चुकून घेतल्यास शब्द सहा होऊन मर्यादा ओलांडली जाते. येथे 'गेटिंग' हे 'गेट अप', म्हणजे 'उठणे', या क्रियापदाचे रूप आहे. त्याचा 'गेट यूज्ड टू' मधील 'गेट'शी संबंध नाही. 'आय डिड नॉट यूज टू गेट अप सो अर्ली' असे लिहिल्यास 'मी पूर्वी इतक्या लवकर उठत नसे' असा वेगळाच अर्थ होतो. शिवाय सूचक शब्दाचे रूपही बदलते.

तिसरे उदाहरण. इंग्लंडमध्ये वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, फ्रान्समध्ये उजव्या. फ्रान्सला गेलेल्या एका इंग्रज माणसाविषयीचे मूळ वाक्य: 'आफ्टर अ फ्यू वीक्स, ड्रायव्हिंग ऑन द राइट नो लाँगर सीम्ड स्ट्रेंज टू पीटर.' पूर्ण करायचे वाक्य: 'इट टुक पीटर अ फ्यू वीक्स ____ ड्रायव्हिंग ऑन द राइट.'

या वाक्यात 'नो लाँगर' हे शब्द पुन्हा आले आहेत. 'नो लाँगर दिसले की यूज्ड टू' असा ठोकताळा पाठ केलेला विद्यार्थी येथे 'यूज्ड टू ड्राइव्ह' लिहू पाहतो आणि अडतो, कारण पुढे 'ड्रायव्हिंग' हा शब्द आधीच छापलेला असतो. मूळ वाक्यात बंद झाले आहे ते वाहन चालवणे नव्हे. बंद झाले आहे ते विचित्र वाटणे. पीटर उजव्या बाजूने वाहन चालवतोच आहे. काही आठवड्यांनंतर ते त्याच्या अंगवळणी पडले आहे. 'इट टुक' म्हणजे 'इतका वेळ लागला' या रचनेमुळे बदलाला लागलेला काळ सांगितला जातो. म्हणून 'गेट' आवश्यक ठरते आणि 'इट टुक' नंतर 'टू' सह मूळ रूप लागते. उत्तर 'टू गेट यूज्ड टू' असे चार शब्दांचे आहे. त्यातील पहिला 'टू' मूळ रूपाचा व दुसरा अव्ययासारखा आहे. अशा प्रश्नात 'नो लाँगर' कोणत्या शब्दाशी जोडलेले आहे, हे पाहणे हीच खरी पायरी असते.

चौथे उदाहरण. मूळ वाक्य: 'वुई यूज धिस नाइफ टू कट ब्रेड.' पूर्ण करायचे वाक्य: 'धिस नाइफ ____ ब्रेड.'

येथे उत्तर 'इज यूज्ड टू कट' असे आहे. 'बी' नंतर 'यूज्ड टू' आणि त्यापुढे मूळ रूप असूनही ते शुद्ध आहे. याचे कारण पुढील विभागात दिले आहे.

## कर्मणी प्रयोगाशी असलेला भेद व उच्चार

'यूज' या क्रियापदाचा मुख्य अर्थ 'वापरणे' असा आहे. त्याच्या कर्मणी प्रयोगात 'इज यूज्ड', म्हणजे 'वापरला जातो', असे रूप होते आणि त्यापुढे हेतू सांगण्यासाठी 'टू कट', म्हणजे 'कापण्यासाठी', असे मूळ रूप येऊ शकते. 'ही सुरी पाव कापण्यासाठी वापरली जाते' हा त्याचा अर्थ. येथे सवयीचा किंवा सरावाचा संबंध नाही. 'टू' च्या जागी 'फॉर' घेऊन 'इज यूज्ड फॉर कटिंग' असेही म्हणता येते. 'फॉर' घेतल्यावर अर्थ तोच राहिला, तर ती रचना कर्मणी प्रयोगाची समजावी. 'शी इज यूज्ड टू वर्किंग' मध्ये 'टू' काढून 'फॉर' ठेवता येत नाही.

लिहिताना चारही ठिकाणी यू, एस, ई, डी हीच अक्षरे येतात, परंतु उच्चारात भेद आहे. 'वापरलेला' या अर्थी शेवट घोष असतो आणि उच्चार 'यूझ्ड' असा होतो. 'पूर्वी करत असे' आणि 'सरावलेला' या दोन्ही अर्थी पुढच्या 'टू'मधील अघोष ध्वनीच्या प्रभावाने उच्चार 'यूस्ट' असा होतो आणि जलद बोलण्यात 'यूस्टु' असा एकच शब्द ऐकू येतो. म्हणून कर्मणी प्रयोग कानाला ओळखता येतो. उरलेल्या दोन रचना मात्र उच्चाराने वेगळ्या होत नाहीत. त्या 'बी' किंवा 'गेट' आहे की नाही आणि 'टू' नंतर काय येते, यावरूनच ओळखाव्या लागतात.

## नकार आणि प्रश्न

'बी यूज्ड टू' चा नकार 'बी' च्या नेहमीच्या नकाराप्रमाणे होतो: 'शी इज नॉट यूज्ड टू इट.' 'यूज्ड टू' चा नकार व प्रश्न मात्र 'डिड' च्या साहाय्याने होतो: 'शी डिड नॉट यूज टू लाइक टी', 'डिड शी यूज टू लाइक टी?' भूतकाळ 'डिड' मध्ये आलेला असल्यामुळे 'यूज' च्या शेवटचे 'डी' हे अक्षर गळते. बोलताना 'टू' च्या सान्निध्यामुळे हा फरक ऐकू येत नाही, त्यामुळे लेखनात 'डिड नॉट यूज्ड टू' असे रूप शिरते. विद्यार्थ्यांसाठीच्या व्याकरणात ते अशुद्ध मानले जाते.

सूचक शब्द बदलता येत नसल्यामुळे तो 'यूज' आहे की 'यूज्ड' हे पाहूनच उत्तराची दिशा कळते. 'आय डिसलाइक्ड टी ॲज अ चाइल्ड' या वाक्यावरून 'आय ____ टी ॲज अ चाइल्ड' पूर्ण करायचे असेल आणि सूचक शब्द 'यूज' असेल, तर 'डिड नॉट यूज टू लाइक' हे पाच शब्दांचे उत्तर होते. 'डिडन्ट' असे संक्षिप्त रूप लिहिले तरी मोजणीत ते पाचच राहतात. सूचक शब्द 'यूज्ड' असेल, तर 'नेव्हर यूज्ड टू लाइक' असे चार शब्दांत लिहिता येते. 'नेव्हर' सोबत 'डिड' लागत नसल्यामुळे 'डी' कायम राहते.

## 'यूज्ड टू' च्या मर्यादा

भूतकाळातील प्रत्येक वाक्य 'यूज्ड टू' मध्ये बदलता येत नाही. क्रिया किती वेळा घडली किंवा एकूण किती काळ चालली, हे वाक्यात मोजून सांगितले असेल तर ही रचना चालत नाही. 'आय वेंट टू गोवा थ्री टाइम्स', म्हणजे 'मी तीनदा गोव्याला गेलो', आणि 'आय लिव्ह्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स', म्हणजे 'मी पुण्यात पाच वर्षे राहिलो', ही वाक्ये साध्या भूतकाळातच राहतात. 'एव्हरी समर' यासारखा वारंवारता दाखवणारा शब्द मात्र चालतो: 'वुई यूज्ड टू गो टू गोवा एव्हरी समर.' मराठीतही 'मी तीनदा गोव्याला जात असे' असे म्हणत नाहीत, परंतु 'आम्ही दर उन्हाळ्यात गोव्याला जात असू' असे म्हणतात. येथे मराठीचा रीतिभूतकाळ आणि इंग्रजीची ही रचना सारख्याच वागतात.

भूतकाळातील नेहमीच्या क्रियेसाठी इंग्रजीत 'वुड' ही वापरतात: 'वुई वुड गो टू गोवा एव्हरी समर.' परिवर्तनात 'वुड' च्या जागी 'यूज्ड टू' घालता येते. उलट बदल मात्र नेहमी शक्य नसतो. असणे, आवडणे, मालकीचे असणे, कायम राहणे यांसारखी स्थिती दाखवणारी क्रियापदे या अर्थी 'वुड' बरोबर येत नाहीत. 'देअर यूज्ड टू बी अ वेल हिअर', म्हणजे 'येथे पूर्वी एक विहीर असे', या वाक्याचे 'वुड' मध्ये परिवर्तन होत नाही.